कंपनी दिवाळखोरीत गेली तर पैसे आधी कोणाला मिळतात? – कामगार व कर्मचाऱ्यांसाठी माहिती

कंपनी आपली देणी वेळेवर फेडू शकत नाही, तेव्हा ती नादार झाली असे म्हणतात. बँकेचे कर्ज थकते, माल पुरवणाऱ्यांची बिले थकतात आणि बहुतेक वेळा त्याआधीच कामगारांचे पगार थकलेले असतात. अशा वेळी कंपनीकडे जे काही उरले आहे ते कोणाला, किती आणि कोणत्या क्रमाने द्यायचे, हे नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ या केंद्रीय कायद्याने ठरवून दिले आहे.

ज्यांचा पगार, भविष्य निर्वाह निधी (पीएफ) किंवा ग्रॅच्युइटी अडकली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. तुमचे येणे एकच रक्कम वाटत असले तरी कायद्याच्या दृष्टीने त्याचे वेगवेगळे भाग पडतात. काही भाग वाटपाच्या रांगेत येतच नाही, काही भाग रांगेत अगदी वर असतो, तर काही भाग इतका खाली असतो की त्यातून सहसा काही हाती लागत नाही. कोणता भाग कुठे मोडतो हे माहीत असेल तर दावा नीट भरता येतो.

## कंपनी बंद पडणे आणि दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू होणे

फाटकाला कुलूप लागले म्हणजे दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली असे नाही. ही प्रक्रिया राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, म्हणजे एनसीएलटी, अर्ज दाखल करून घेते तेव्हाच सुरू होते. अर्ज बँकेसारखा कर्ज देणारा करू शकतो, ज्याचे मालाचे किंवा कामाचे पैसे अडकले आहेत तो करू शकतो, किंवा कंपनी स्वतःही करू शकते. थकीत रक्कम किमान १ कोटी रुपये असावी लागते. ही मर्यादा मार्च २०२० पासून आहे. त्याआधी ती १ लाख रुपये होती.

कामगाराचा पगार हे कंपनीने घेतलेल्या कामाचे देणे असल्यामुळे कामगारही अर्ज करू शकतो. मात्र एका कामगाराचे येणे १ कोटीपर्यंत जात नाही. त्यामुळे प्रत्यक्षात नोंदणीकृत कामगार संघटना सर्वांच्या वतीने एकत्रित थकबाकीचा अर्ज करते. कानपूरच्या एका ज्यूट मिलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कामगार संघटनेचा हा अधिकार मान्य केला. अर्जाआधी कंपनीला मागणी नोटीस द्यावी लागते आणि उत्तरासाठी १० दिवस थांबावे लागते.

ही संहिता कंपन्या आणि मर्यादित दायित्व भागीदारी संस्थांसाठी आहे. एकट्या मालकाच्या छोट्या कारखान्यावर किंवा दुकानावर पगार थकला असेल तर हा मार्ग लागू होत नाही. तेथे कामगार आयुक्त कार्यालयाकडेच जावे लागते.

## प्रक्रिया सुरू झाल्यावर काय बदलते

न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की संचालकांच्या हातून कारभार काढला जातो आणि तो एका नोंदणीकृत व्यावसायिकाकडे जातो. त्याला रिझोल्यूशन प्रोफेशनल म्हणतात. त्याच दिवसापासून कंपनीविरुद्धच्या वसुलीला स्थगिती लागते. याचा फटका कामगारांनाही बसतो. पगारासाठी कामगार न्यायालयात तुमचा दावा चालू असेल तर तोही थांबतो आणि हातात वसुलीचा आदेश असला तरी त्याची अंमलबजावणी होत नाही. ‘माझी केस कोर्टात आहे, मला वेगळा दावा भरायची गरज नाही’ असे समजून अनेक जण गप्प बसतात आणि मागे पडतात. न्यायालयाचा आदेश हा तुमच्या येण्याचा भक्कम पुरावा आहे, पण त्या आदेशाच्या आधारे दावा रिझोल्यूशन प्रोफेशनलकडेच भरावा लागतो.

यानंतर दोन शक्यता असतात. पहिली म्हणजे कंपनी कोणीतरी नवा मालक चालवायला घेतो. तो देणी कशी आणि किती फेडणार याची योजना देतो. या योजनेवर मत देण्याचा अधिकार धनको समितीला, म्हणजे मुख्यतः बँका व वित्तसंस्थांना असतो. ६६ टक्के मतांनी योजना मंजूर झाली की ती न्यायाधिकरणापुढे जाते. कामगारांना या समितीत मत नसते. पण कायद्याने त्यांच्यासाठी एक किमान मर्यादा घातली आहे: कंपनी विकून टाकली असती तर कामगारांना जेवढे मिळाले असते, त्यापेक्षा कमी त्यांना देता येत नाही आणि ती रक्कम बँकांच्या आधी द्यावी लागते.

दुसरी शक्यता म्हणजे कोणतीही योजना येत नाही किंवा मंजूर होत नाही. मग न्यायाधिकरण लिक्विडेशनचा, म्हणजे अवसायनाचा आदेश देते. अवसायक नेमला जातो, तो जमीन, इमारत, यंत्रे, भंगार असे सर्व विकतो आणि आलेले पैसे ठरलेल्या क्रमाने वाटतो. योजना शोधण्याच्या टप्प्याला कायद्याने एकूण ३३० दिवसांची मर्यादा आहे, पण प्रत्यक्षात अनेक प्रकरणे त्यापेक्षा जास्त लांबतात.

## रांगेबाहेरचे पैसे: पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी निधी

वाटपाची रांग पाहण्याआधी हा भाग समजून घ्या. संहितेच्या कलम ३६ नुसार भविष्य निर्वाह निधी, पेन्शन निधी आणि ग्रॅच्युइटी निधी यांतून कामगाराला किंवा कर्मचाऱ्याला मिळायची रक्कम ही कंपनीची मालमत्ता धरलीच जात नाही. ती वाटपाच्या पैशात मिसळत नाही आणि बँकांना त्यातला वाटा मिळत नाही. हा पैसा मुळात तुमचा आहे, तो कंपनीच्या हातात नुसता ठेवलेला होता, असा त्यामागचा विचार आहे.

दोन गोष्टी येथे महत्त्वाच्या आहेत. पहिली, पुढे येणारी २४ महिन्यांची किंवा १२ महिन्यांची अट या रकमेला लागत नाही. कंपनीने चार वर्षांपूर्वीचा पीएफ भरला नसेल तरी तो मागता येतो. दुसरी, हा नियम कामगार आणि वरच्या पदावरील कर्मचारी या दोघांनाही सारखाच लागू आहे.

ग्रॅच्युइटीबाबत मात्र एक अडचण येते. काही कंपन्या ग्रॅच्युइटीसाठी एलआयसीकडे किंवा ट्रस्टमध्ये वेगळा निधी ठेवतात. तेथे प्रश्न सोपा असतो. अनेक कंपन्या मात्र वेगळा निधी ठेवतच नाहीत. मग ‘निधीच नाही तर रांगेबाहेर काय काढायचे’ असा वाद अवसायक व बँका उभा करतात आणि न्यायाधिकरणांचे यावरील निकाल सगळीकडे सारखे नाहीत. जेट एअरवेजच्या प्रकरणात अपील न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२२ मध्ये कर्मचाऱ्यांना पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्यावी असा आदेश दिला आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. त्यामुळे निधी नव्हता असे सांगितले गेले तरी ग्रॅच्युइटीचा दावा सोडू नये. तो स्वतंत्र रक्कम म्हणून लिहावा.

## वाटपाची रांग

लिक्विडेशनमध्ये पैसे वाटण्याचा क्रम संहितेच्या कलम ५३ मध्ये दिला आहे. वरच्या पायरीचे पूर्ण पैसे दिल्याशिवाय खालच्या पायरीला काहीही मिळत नाही.

१. प्रक्रियेचा व लिक्विडेशनचा खर्च. यात व्यावसायिकांचे शुल्क, सुरक्षा, विजेचे बिल, लिलावाचा खर्च इत्यादी येते. हा खर्च आधी पूर्ण दिला जातो.

२. कामगारांची लिक्विडेशन सुरू होण्याआधीच्या २४ महिन्यांची देणी, आणि ज्यांनी आपले तारण सामाईक विक्रीसाठी सोडून दिले आहे अशा बँकांचे कर्ज. हे दोघे एकाच पायरीवर, बरोबरीने आहेत.

३. कामगार या व्याख्येत न बसणाऱ्या कर्मचाऱ्यांचे आधीच्या १२ महिन्यांचे पगार व देणी.

४. तारण न घेता दिलेली कर्जे.

५. केंद्र व राज्य सरकारची आधीच्या दोन वर्षांची देणी, तसेच ज्या बँकेने तारण स्वतः विकले पण कर्ज पूर्ण वसूल झाले नाही तिची उरलेली बाकी.

६. बाकी सर्व देणी. माल पुरवठादारांची बिले आणि २४ किंवा १२ महिन्यांआधीचे थकीत पगार येथे येतात.

७. प्रेफरन्स शेअरधारक.

८. साधे शेअरधारक, म्हणजे कंपनीचे मालक.

सरकारची करवसुलीसुद्धा पाचव्या पायरीवर आहे आणि मालक सगळ्यात शेवटी आहेत, हे यातून दिसते. कामगार बराच वर आहे. पण दुसऱ्या पायरीवर तो एकटा नाही. त्याच्या शेजारी बँक उभी आहे आणि बँकेचे येणे बहुधा कामगारांच्या येण्याच्या कितीतरी पट असते. पैसे कमी पडले तर दोघांनाही आपापल्या येण्याच्या प्रमाणात सारखीच कपात सोसावी लागते.

बँक तारण स्वतः विकायचा मार्गही निवडू शकते. तसे केले तरी कामगारांचा वाटा बुडत नाही. तारण सोडले असते तर खर्चापोटी व कामगारांच्या देण्यापोटी जितका वाटा गेला असता, तितकी रक्कम बँकेने अवसायकाकडे भरावी लागते.

## ‘कामगार’ कोण आणि ‘कर्मचारी’ कोण

दुसरी आणि तिसरी पायरी यांत मोठा फरक आहे, कारण दुसऱ्या पायरीवर बँकांचे कर्ज पूर्ण फिटल्याशिवाय तिसऱ्या पायरीपर्यंत पैसा पोहोचत नाही. म्हणून तुम्ही कोणत्या गटात आहात हे नीट पाहा. हे नेमणूकपत्रावरच्या पदनामावरून ठरत नाही, तर कामाच्या स्वरूपावरून ठरते. अंगमेहनतीचे, तांत्रिक, कारकुनी असे काम करणारा माणूस कामगार असतो. मुख्यतः व्यवस्थापनाचे काम करणारा, किंवा ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वेतनावर देखरेखीचे काम करणारा माणूस कामगार धरला जात नाही. काही कंपन्या साध्या तंत्रज्ञालाही ‘एक्झिक्युटिव्ह’ असे पद देतात. तुमचे पदनाम मोठे असले तरी प्रत्यक्ष काम यंत्रावर किंवा टेबलावर बसून नोंदी करण्याचे असेल, तर दाव्यात ‘कामगार’ असेच लिहा आणि रोजच्या कामाचे थोडक्यात वर्णन जोडा.

कामगारांच्या देण्यांत नुसता पगार येत नाही. शिल्लक हक्काच्या रजेचे पैसे, कामावरून कमी केल्याची कायद्याने देय असलेली भरपाई आणि कामावर झालेल्या अपघाताची भरपाईसुद्धा त्यात येते.

## एक उदाहरण

आकडे समजायला सोपे जावेत म्हणून एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिने जानेवारी २०२२ पासून पगार देणे थांबवले, पण कारखाना ऑगस्ट २०२३ पर्यंत चालू होता. १ सप्टेंबर २०२३ रोजी दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि कारखाना बंद झाला. नवा मालक मिळाला नाही, म्हणून १ जुलै २०२४ रोजी लिक्विडेशनचा आदेश झाला.

एका कामगाराचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून महिना १५,००० रुपये होते आणि नोकरी १८ वर्षे झाली होती. त्याचे येणे असे आहे:

- २० महिन्यांचा पगार: ३,००,००० रुपये
- २०२१ या वर्षात पगारातून कापलेला पण न भरलेला पीएफ, कंपनीच्या वाट्यासह महिना ३,६०० रुपये: ४३,२०० रुपये
- ग्रॅच्युइटी, १५,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले १८: सुमारे १,५५,७६९ रुपये

एकूण येणे ४,९८,९६९ रुपये. या कंपनीने ग्रॅच्युइटीचा वेगळा निधी ठेवला होता असे धरू. म्हणजे पीएफ व ग्रॅच्युइटी मिळून १,९८,९६९ रुपये रांगेबाहेर आहेत आणि ते पूर्ण मिळायला हवेत. पीएफची रक्कम हातात न येता भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे जमा होते.

आता पगार. २४ महिने मोजायचे ते लिक्विडेशनच्या आदेशापासून मागे, पगार थांबला त्या दिवसापासून नाही. १ जुलै २०२४ पासून २४ महिने मागे गेले की १ जुलै २०२२ येते. म्हणून जुलै २०२२ ते ऑगस्ट २०२३ हे १४ महिने, म्हणजे २,१०,००० रुपये, दुसऱ्या पायरीवर येतात. जानेवारी ते जून २०२२ हे सहा महिने, म्हणजे ९०,००० रुपये, सहाव्या पायरीवर घसरतात.

पीएफ वगैरे बाजूला काढल्यावर मालमत्ता विकून ४० कोटी रुपये आले. त्यातून पहिल्या पायरीचा खर्च ४ कोटी गेला. उरले ३६ कोटी. दुसऱ्या पायरीवर सर्व कामगारांचे येणे ६ कोटी आणि बँकांचे ५४ कोटी, एकूण ६० कोटी. ३६ कोटी हे ६० कोटींच्या ६० टक्के आहेत. म्हणून या पायरीवरील प्रत्येकाला रुपयामागे ६० पैसे मिळतील. आपल्या कामगाराला २,१०,००० पैकी १,२६,००० रुपये मिळतील. पैसे येथेच संपले. त्यामुळे सहाव्या पायरीवरचे ९०,००० रुपये बुडाले, आणि तिसऱ्या पायरीवरच्या व्यवस्थापकांना पगारापोटी काहीच मिळाले नाही.

एकूण ४,९८,९६९ पैकी ३,२४,९६९ रुपये मिळाले. त्यातला मोठा वाटा पीएफ व ग्रॅच्युइटीचा आहे. दावा भरताना ‘एकूण थकबाकी पाच लाख’ अशी एकच रक्कम लिहिली असती तर हा फरक दिसलाच नसता.

आणखी एक बाब लक्षात घ्या. प्रक्रिया जितकी लांबते तितके २४ महिन्यांचे खाते पुढे सरकते आणि जुने पगार त्यातून बाहेर पडतात. याच उदाहरणात लिक्विडेशनचा आदेश आणखी सहा महिन्यांनी झाला असता तर १४ ऐवजी फक्त ८ महिन्यांचा पगार दुसऱ्या पायरीवर राहिला असता. पगार थकत असताना तीन-चार वर्षे नुसती वाट पाहिल्याने असे नुकसान होते.

## प्रक्रिया चालू असतानाचा पगार

दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाल्यानंतरही कारखाना चालू ठेवला आणि तुम्ही प्रत्यक्ष काम केले, तर त्या काळाचा पगार प्रक्रियेचा खर्च धरला जातो. म्हणजे तो पहिल्या पायरीवर जातो आणि पूर्ण मिळतो. पण काम बंद असेल तर केवळ नाव हजेरीपटावर आहे म्हणून त्या काळाचा पगार पहिल्या पायरीवर धरला जात नाही.

हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२२ रोजी एबीजी शिपयार्ड या जहाजबांधणी कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केला. गुजरातमधील दहेज येथील गोदीतील आणि मुंबई कार्यालयातील कामगार व कर्मचाऱ्यांनी प्रक्रियेच्या काळातील पगार मागितला होता. न्यायालयाने सांगितले की रिझोल्यूशन प्रोफेशनलने कंपनी चालू ठेवली होती आणि या लोकांनी त्या काळात खरोखर काम केले होते, हे सिद्ध झाले पाहिजे. ज्यांना ते सिद्ध करता येणार नाही त्यांचे पैसे दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायरीच्या नियमाने ठरतील. त्याच निकालात पीएफ, पेन्शन व ग्रॅच्युइटी निधी रांगेबाहेर राहतील हेही सांगितले.

म्हणून या काळात कामावर बोलावले गेले असेल तर हजेरीची नोंद, गेट पास, शिफ्टचा फलक, कामाचे संदेश यांचे फोटो जपून ठेवा. कामावर यायला तयार आहोत असे पत्र देण्यापेक्षा काम केल्याचा पुरावा अधिक उपयोगी पडतो.

## दावा कसा भरावा

रिझोल्यूशन प्रोफेशनलची नेमणूक झाल्यावर तीन दिवसांत जाहीर सूचना काढावी लागते. दावा भरण्याची शेवटची तारीख साधारणपणे नेमणुकीपासून १४ दिवसांची असते. सूचना कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय जेथे आहे तेथील एका इंग्रजी व एका स्थानिक भाषेतील वर्तमानपत्रात येते. तुम्ही दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात परत गेला असाल तर ती तुमच्या नजरेस पडणार नाही. म्हणून भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाच्या ibbi.gov.in या संकेतस्थळावर जाहीर सूचनांच्या विभागात कंपनीचे नाव टाकून दर पंधरा दिवसांनी पाहत राहा.

कामगार व कर्मचाऱ्यांसाठी फॉर्म डी हा नमुना आहे. सर्वांच्या वतीने एकच प्रतिनिधी दावा भरणार असेल तर फॉर्म ई वापरतात. यासाठी शुल्क लागत नाही. फॉर्ममध्ये पुढील रकमा वेगवेगळ्या लिहा: महिनावार थकीत पगार, रजेचे पैसे, पीएफ, ग्रॅच्युइटी आणि भरपाई. सोबत नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, पगार जमा होणे थांबल्याचे दिसेल असे बँक पासबुक, ओळखपत्र आणि असल्यास न्यायालयाचा आदेश जोडा. नेमणूकपत्र नसेल तर जुन्या पगाराच्या बँक नोंदी आणि पीएफचे पासबुक यांवरूनही नोकरी सिद्ध होऊ शकते.

१४ दिवस चुकले तरी दावा लगेच भरा. प्रक्रिया सुरू झाल्यापासून ९० दिवसांपर्यंत, किंवा नव्या मालकांकडून योजना मागवल्या जाईपर्यंत, यांपैकी जी तारीख नंतरची असेल तोपर्यंत उशिराचा दावा कारण देऊन भरता येतो. पण योजना न्यायाधिकरणाने मंजूर केल्यानंतर जो दावा तिच्यात नाही तो संपतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. नंतर नव्या मालकाकडे जुने पैसे मागता येत नाहीत.

स्वीकारलेल्या दाव्यांची यादी प्रसिद्ध होते. त्यात तुमचे नाव, रक्कम आणि गट तपासा. रक्कम कमी केली असेल तर कारण लेखी मागा. समाधान झाले नाही तर एनसीएलटीकडे दाद मागता येते. लिक्विडेशन सुरू झाल्यावर अवसायकाची नवी सूचना येते. दावा पुन्हा भरायचा आहे की आधीचा चालेल आणि नमुना कोणता, हे त्या सूचनेत पाहा.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पीएफ पगारातून कापला पण भरला नाही, तर काय करावे?
passbook.epfindia.gov.in वर पासबुक काढून कोणत्या महिन्यांचा भरणा नाही ते पाहा. फॉर्म डी मध्ये ती रक्कम लिहाच, शिवाय भविष्य निर्वाह निधीच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवा, म्हणजे ते कार्यालयही आपला दावा दाखल करेल. कापून घेतलेला पीएफ न भरणे हा गुन्हा आहे.

मालकाचे घर किंवा त्याची दुसरी कंपनी विकून पगार मिळेल का?
सहसा नाही. वाटप या कंपनीच्या मालमत्तेतूनच होते. मालकाने प्रक्रियेआधी कंपनीची मालमत्ता फसवणुकीने दुसऱ्याच्या नावे केली असेल तर ती परत मिळवण्यासाठी रिझोल्यूशन प्रोफेशनल किंवा अवसायक न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. तुम्हाला असे व्यवहार माहीत असतील, उदाहरणार्थ बंद होण्याच्या आधी यंत्रे हलवली गेली असतील, तर त्याला लेखी कळवा.

मी ठेकेदाराकडून कामाला होतो. मला दावा करता येईल का?
तुमचा थेट मालक ठेकेदार असतो, त्यामुळे पहिली मागणी त्याच्याकडे. ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते. म्हणून त्या कंपनीच्या प्रक्रियेतही दावा भरून ठेवा आणि गेट पास, हजेरी व ठेकेदाराचे नाव जोडा.

योजना मंजूर झाली म्हणजे पैसे नक्की मिळतील का?
योजना पाळली गेली तरच. जेट एअरवेजची योजना जून २०२१ मध्ये मंजूर झाली होती, पण तिची अंमलबजावणी झाली नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी कंपनीच्या लिक्विडेशनचा आदेश दिला. त्यामुळे योजना मंजूर झाल्यानंतरही मूळ कागदपत्रे, दाव्याची पोच आणि यादीची प्रत जपून ठेवा. पुढे लिक्विडेशन झाले तर हीच कागदपत्रे पुन्हा लागतात.